शाळकरी मुलाला गोवर: घरातील काळजी, विलगीकरणाचे दिवस आणि धोक्याची चिन्हे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पालकांकडून आणि शिक्षकांकडून वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतील बहुतेक उत्तरे एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत, ती म्हणजे पुरळ पहिल्यांदा दिसल्याची तारीख. शाळेत परत कधी पाठवायचे, ताप कधी उतरायला हवा आणि कोणता ताप काळजीचा समजायचा, हे सर्व त्या तारखेवरून ठरते. म्हणून मुलाच्या अंगावर पुरळ दिसताच ती तारीख कागदावर लिहून ठेवावी.

१. अंगावर पुरळ आले आहे. हा गोवरच आहे, हे घरी कसे ओळखावे?

नुसत्या पुरळावरून ओळखू नये. पुरळाच्या आधीचे दोन ते चार दिवस आठवावेत. गोवराची सुरुवात तापाने होते आणि त्याबरोबर कोरडा खोकला, नाकातून पाणी येणे आणि डोळे लाल होऊन पाणावणे, यांपैकी एक किंवा अनेक लक्षणे असतात. ताप चढत जातो आणि तो सर्वांत जास्त असताना पुरळ उठते. मूल आदल्या दिवशी ठणठणीत होते आणि सकाळी उठले ते अंगभर पुरळ घेऊनच, असे झाले असेल, तर गोवराऐवजी अन्य कारणाची शक्यता अधिक असते.

पुरळ कोठून सुरू झाले, हेही पाहावे. गोवराचे पुरळ कानांमागे आणि कपाळावर केसांच्या कडेला सुरू होते, मग चेहरा, मान, छाती-पोट असे उतरत साधारण तीन दिवसांत पायांपर्यंत पोहोचते. ते सपाट किंवा किंचित उंचावलेले लालसर ठिपके असतात, त्यांत पाणी भरत नाही आणि पुढे ते एकमेकांत मिसळतात. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. अशा वेळी दिवसाच्या उजेडात कानामागची त्वचा पाहावी आणि बोटांनी चाचपावी, कारण खडबडीतपणा आधी हाताला लागतो. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल त्वचेवर मिठाच्या कणांएवढे पांढुरके ठिपके दिसले, तर गोवराची शंका फार बळावते. मात्र हे ठिपके लवकर नाहीसे होतात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून गोवर नाही, असे म्हणता येत नाही.

२. डॉक्टरांनी लक्षणांवरून गोवर सांगितला आहे. मग रक्ताची तपासणी कशासाठी?

मुलाचे उपचार तपासणीवाचूनही सुरू होतात, परंतु इतर काही आजारांतही असेच पुरळ येते आणि वर्गातील इतर मुलांविषयीचा निर्णय खात्रीशीर निदानावर घ्यावा लागतो. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी पुरळाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केली, तर गोवर असूनही ती नकारार्थी येऊ शकते. त्या दिवसांत घशातील किंवा नाकातील नमुन्याची विषाणू-तपासणी अधिक उपयोगी पडते. म्हणून पहिल्याच दिवशीचा नकारार्थी अहवाल हाती धरून मुलाला शाळेत पाठवू नये.

३. मुलाला शाळेतून किती दिवस घरी ठेवायचे आणि ते दिवस नेमके कसे मोजायचे?

गोवराचे मूल पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळानंतरच्या चार दिवसांपर्यंत इतरांना आजार देऊ शकते. पुरळ ज्या दिवशी प्रथम दिसले तो दिवस शून्य धरायचा. गोंधळ नेमका येथे होतो, कारण बरेच जण त्याच दिवसाला पहिला दिवस म्हणतात आणि मूल एक दिवस आधी शाळेत पोहोचते.

एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांच्या, २४ किलो वजनाच्या मुलीला ८ तारखेला ताप आला आणि ११ तारखेला संध्याकाळी कानामागे पुरळ दिसले. ११ हा शून्य दिवस. १२, १३, १४ आणि १५ हे पुढचे चार दिवस तिने घरीच राहायचे. १६ तारखेला, ताप उतरलेला असेल आणि ती बरी असेल, तर शाळेत जाण्यास संसर्गाच्या दृष्टीने हरकत नाही. आता मागे मोजू: ११ मधून चार वजा केले की ७ तारीख येते. त्या दिवशी ती हसतखेळत शाळेत होती, ताप नव्हता, तरीही तिच्यापासून संसर्ग होऊ शकत होता. म्हणूनच पालकांनी शाळेला केवळ रजा कळवून थांबू नये. पुरळाची तारीख आणि मूल शेवटचे कधी वर्गात बसले होते, हेही कळवावे. पुढच्या काही उत्तरांत याच मुलीचे उदाहरण वापरले आहे.

स्थानिक आरोग्य विभागाने किंवा शाळेने यापेक्षा अधिक दिवस ठरवले असतील, तर तोच नियम पाळावा.

४. पुरळ नक्की कधी उठले ते आठवत नाही. आणि त्वचेचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील, तर संसर्ग चालू आहे का?

दिवसाबद्दल शंका असेल, तर जो दिवस नंतरचा आहे तो शून्य धरावा. यात फार तर एखादा दिवस जास्त घरी राहावे लागते.

पापुद्र्यांमुळे संसर्ग होत नाही. पुरळ पाच-सहा दिवसांनी ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मावळते, तपकिरी डाग मागे राहतात आणि बारीक कोंडा सुटतो. हे बरे होण्याचेच लक्षण आहे. डाग पूर्ण जाईपर्यंत मुलाला घरी ठेवण्याची गरज नसते.

५. घरात वेगळे ठेवायचे म्हणजे काय? एकच खोली असेल तर?

गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा सहवासातील दहांपैकी सुमारे नऊ जणांना आजार होतो. त्यामुळे वेगळे ताट-वाटी ठेवणे किंवा दोन हातांचे अंतर राखणे पुरेसे ठरत नाही. शक्य असेल, तर मुलाला बाहेरची हवा येणारी स्वतंत्र खोली द्यावी, खिडकी उघडी आणि दार बंद ठेवावे, आणि लसीकरण झालेल्या किंवा पूर्वी गोवर होऊन गेलेल्या एकाच मोठ्या माणसाने शुश्रूषा करावी.

एकच खोली असेल, तर मुलाला वेगळे करण्यात शक्ती न घालवता ज्याला धोका आहे त्याला दुसरीकडे हलवावे: तान्हे बाळ, गर्भवती स्त्री, कर्करोगाचे उपचार चालू असलेली व्यक्ती. अर्थात, त्यांचा संपर्क आधीच येऊन गेलेला असतो, म्हणून त्यांना हलवून न थांबता प्रश्न १३ मध्ये सांगितलेले उपायही त्याच दिवशी करावेत. कपडे आणि अंथरूण साबणाने नेहमीप्रमाणे धुतले तरी चालते; ते जाळण्याची किंवा फेकण्याची गरज नसते.

६. दवाखान्यात नेताना काय काळजी घ्यावी?

आधी फोन करून गोवराची शंका असल्याचे सांगावे आणि कोणत्या वेळी, कोणत्या दाराने यायचे ते विचारावे. बाहेरच्या बाकावर तान्ही बाळे आणि गर्भवती स्त्रिया बसलेल्या असतात. तेथे अर्धा तास थांबणे त्यांच्यासाठी धोक्याचे ठरते. मुलाला मास्क सहन होत असेल, तर लावावा. मुलाला धाप लागली असेल किंवा झटका आला असेल, तर मात्र फोनची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्यावे आणि पोहोचताच दाराशीच गोवराचा उल्लेख करावा.

७. ताप किती दिवस राहतो आणि पॅरासिटॅमॉल किती द्यावे?

पुरळ उठते तेव्हा ताप ४० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. पुरळ अंगभर पसरल्यावर, म्हणजे ते दिसल्यापासून साधारण दोन-तीन दिवसांत, तो उतरू लागतो. उदाहरणातील मुलीचा ताप १३ किंवा १४ तारखेपर्यंत उतरणीला लागणे अपेक्षित आहे. तो उतरलाच नाही किंवा उतरून पुन्हा चढला, तर काय समजावे, हे प्रश्न १० मध्ये सांगितले आहे.

पॅरासिटॅमॉलचे प्रमाण वयावर नव्हे, तर वजनावर ठरवावे: एका वेळी प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. २४ किलोच्या मुलीला एका वेळी २४० ते ३६० मिलिग्रॅम लागते. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' असे लिहिले असेल, तर ५ ते ७ मिलिलिटर एवढी मात्रा होते. पण काही बाटल्यांत त्याच ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमच औषध असते, म्हणून मागच्या वेळची बाटली आठवून मोजू नये. हातातील बाटलीवरचा आकडा वाचावा आणि औषधासोबत मिळणाऱ्या मापानेच मोजावे. सर्दी-तापाच्या मिश्र औषधांतही पॅरासिटॅमॉल असते, ते सोबत दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. यकृताचा आजार असेल किंवा मूल बराच वेळ उपाशी असेल, तर डॉक्टरांना विचारून द्यावे.

ॲस्पिरिन देऊ नये. विषाणूजन्य तापात ते मुलांना दिल्यास मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार उद्भवू शकतो.

८. विषाणू मारणारे औषध किंवा प्रतिजैविक का देत नाहीत? आणि जीवनसत्त्व अ का देतात?

गोवराच्या विषाणूवर नेहमीच्या वापरातले कोणतेही औषध नाही आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. 'पुढे न्यूमोनिया होऊ नये म्हणून' आधीच प्रतिजैविक सुरू करणेही योग्य नाही. कानाचा किंवा फुप्फुसांचा जिवाणूसंसर्ग झाल्याचे डॉक्टरांनी तपासून ठरवले, तरच ते द्यायचे असते. आणि मग मात्र सांगितलेले दिवस पूर्ण करावे लागतात.

जीवनसत्त्व अचे कारण वेगळे आहे. गोवरात शरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटतो. त्याचा फटका डोळ्यांच्या बुबुळाला आणि श्वसनमार्गाच्या आतल्या आवरणाला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एक वर्षावरील मुलाला २ लाख एककांची एक मात्रा निदानाच्या दिवशी आणि दुसरी त्यापुढच्या दिवशी द्यावी. डोळ्यांत जीवनसत्त्वाच्या कमतरतेची चिन्हे असतील, तर काही आठवड्यांनी तिसरी. या मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्याव्यात. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते आणि अति झाल्यास डोकेदुखी, उलट्या आणि यकृताला इजा होऊ शकते. 'शक्ती यावी म्हणून' महिनाभर रोज गोळ्या देणे हा या उपचाराचा भाग नाही, आणि अशा गोळ्यांमुळे गोवर टळतही नाही. तो लसीनेच टळतो.

९. डोळे, खाणेपिणे आणि अंघोळ यांबाबत घरी काय करावे?

डोळे चिकटतात आणि उजेड सहन होत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे, बोळा टाकून द्यावा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी नवा घ्यावा. खोलीत पडदा ओढल्याने मुलाला बरे वाटते. उजेडाने डोळ्यांना इजा होत नाही, त्यामुळे काळोख करून ठेवण्याची आवश्यकता नाही. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब टाकू नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड असल्यास बुबुळावरील जखम वाढू शकते. डोळा दुखू लागला, दृष्टी धूसर झाली किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

तोंड आतून हुळहुळे झालेले असते, म्हणून मऊ, फार गरम किंवा तिखट नसलेले अन्न थोडे थोडे द्यावे. एक-दोन दिवस जेवण कमी झाले तरी चालते. पाणी कमी होता कामा नये. जुलाब असतील, तर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्याच प्रमाणात पाण्यात विरघळवून द्यावी; अर्धे पाकीट अंदाजाने मिसळू नये. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. पाणी पुरेसे जात आहे की नाही, हे लघवीवरून कळते. जागेपणी सहा-आठ तास लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली किंवा रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

अंघोळीने पुरळ 'आत जात' नाही. कोमट पाण्याने अंग पुसणे किंवा थोडक्यात अंघोळ घालणे चालते.

१०. ताप उतरला होता, पण पुन्हा आला. याचा अर्थ काय?

घरी देखरेख करणाऱ्याने सर्वांत अधिक लक्ष याच गोष्टीकडे द्यावे. गोवराचा स्वतःचा ताप एकदा चढतो आणि पुरळ पसरल्यावर उतरतो. पुरळाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही तो टिकून राहिला, किंवा एक दिवस उतरून पुन्हा चढला, तर दुसरा संसर्ग झाला असण्याची शक्यता गृहीत धरून मुलाला त्याच दिवशी तपासून घ्यावे. उदाहरणातील मुलीचा ताप १३ तारखेला उतरला, १४ तारखेला तिने थोडे खाल्ले आणि १५ तारखेच्या रात्री पुन्हा ३९ अंश ताप आला, तर विलगीकरणाचा शेवटचा दिवस आहे म्हणून सकाळी दप्तर भरायचे नाही; डॉक्टरांकडे जायचे.

तपासणीत बहुधा दोन ठिकाणी कारण सापडते. पहिले म्हणजे कान: गोवर झालेल्या सुमारे दहांपैकी एका मुलाला मध्यकर्णाचा संसर्ग होतो, रात्री कान ठणकतो, ऐकू कमी येते किंवा कानातून पू येतो. दुसरे म्हणजे फुप्फुसे: सुमारे वीसांपैकी एका मुलाला न्यूमोनिया होतो, आणि गोवरात होणाऱ्या बालमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. न्यूमोनिया घरी कसा ओळखावा, हे पुढील उत्तरात आहे.

खोकल्याबाबत एक खुलासा. ताप गेल्यावरही खोकला आठ-दहा दिवस राहू शकतो, आणि मूल खेळते आहे, जेवते आहे, तर तेवढ्यावरून घाबरू नये.

११. श्वास वेगाने चालतो आहे, हे कसे ठरवावे?

ताप असताना श्वास थोडा वाढतोच, म्हणून शक्यतो औषधाने ताप कमी झाल्यावर, मूल झोपलेले किंवा शांत असताना मोजावा. अंगातील कपडा वर करून पोट व छातीकडे पाहावे, घड्याळ समोर ठेवावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास चूक मोठी होते. पाच वर्षांवरील मुलात शांत असताना मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास असतील, तर तो वेग जास्त समजून डॉक्टरांना दाखवावे.

आकड्याची वाट न पाहता तातडीने न्यावे, अशीही काही चिन्हे आहेत. श्वास घेताना बरगड्यांखालची किंवा मधली जागा आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, ओठ निळसर पडणे, श्वासामुळे पूर्ण वाक्य बोलता न येणे, किंवा श्वास आत घेताना घशातून घर्रघर्र आवाज येणे. शेवटचे चिन्ह स्वरयंत्राच्या सुजेचे असते. अशा वेळी मुलाला बळेच आडवे करू नये किंवा घशात चमचा घालून पाहू नये, ज्या स्थितीत श्वास सोपा जातो त्या स्थितीत बसवून न्यावे.

१२. मुलाला झटका आला. लहान मुलांना तापात येतो तसाच समजावा का?

नाही. तापामुळे येणारे साधे झटके बहुतांशी सहा महिने ते पाच-सहा वर्षे या वयात येतात. शाळकरी मुलाला गोवरात पहिल्यांदाच झटका आला, तर मेंदूला सूज आली आहे असे मानूनच पुढचे पाऊल टाकावे. ही गुंतागुंत साधारण हजारात एका रुग्णाला होते, आणि ती बहुधा पुरळानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे मूल बरे होत आहे असे वाटत असताना उद्भवते.

झटक्याआधीही सूचना मिळू शकते: तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, मान ताठ होणे, असंबद्ध बोलणे, किंवा हाक मारली तरी नीट जागे न होणे. तापाने मूल झोपाळू असते हे खरे, परंतु तापाने झोपलेले मूल उठवल्यावर ओळख देते, पाणी पिते आणि प्रश्नाला उत्तर देते. ते असे करत नसेल, तर रात्रीची वेळ असली तरी रुग्णालयात न्यावे. झटका चालू असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका किती वेळ टिकला हे पाहावे.

१३. घरातील भावंड, तान्हे बाळ किंवा गर्भवती आई यांच्यासाठी काय करावे?

लस न घेतलेल्या निरोगी भावंडाला पहिल्या संपर्कापासून ७२ तासांच्या आत गोवराची लस दिली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. अडचण अशी, की घरात हा अवधी बहुधा निसटून गेलेला असतो. उदाहरणातील मुलीपासून संसर्ग ७ तारखेपासून शक्य होता. ७२ तास १० तारखेला संपले आणि पुरळ दिसले ११ ला. तरीही लस द्यावी, कारण या वेळी संसर्ग झाला नसेल, तर पुढच्या वेळी ती उपयोगी पडते.

ज्यांना लस देता येत नाही, म्हणजे फार लहान बाळे, रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती गंभीररीत्या कमी असलेल्या व्यक्ती, त्यांना संपर्कापासून सहा दिवसांच्या आत तयार प्रतिद्रव्यांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन देता येते. आपल्या उदाहरणात ती मुदत १३ तारखेला संपते. म्हणजे पुरळ दिसल्यानंतर हातात दोनच दिवस उरतात. 'सोमवारी दाखवू' असे म्हणण्याइतका वेळ नसतो. हे इंजेक्शन घेतलेल्यांना आजार उशिरा दिसू शकतो, म्हणून त्यांच्यावर २८ दिवस लक्ष ठेवावे.

१४. वर्गातील इतर मुलांनीही घरी राहायचे का?

ज्यांचे लसीकरण पूर्ण आहे किंवा ज्यांना खात्रीने गोवर होऊन गेला आहे, त्यांनी शाळेत यावे. ज्यांनी लस घेतलेली नाही, त्यांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरी ठेवण्याची पद्धत आहे, कारण संसर्गानंतर पुरळ उठायला साधारण १४ दिवस लागत असले, तरी कधी कधी ते २१ दिवसांनीही उठते. मुलगी शेवटची ७ तारखेला वर्गात आली होती, म्हणून वर्गमित्रांसाठी ही मुदत २८ तारखेपर्यंत जाते. वर्गात दुसरा रुग्ण निघाला, तर मोजणी नव्याने करावी लागते. वेळेत लस दिलेल्या मुलांना केव्हा परत घ्यायचे, हे आरोग्य विभाग ठरवतो. वर्ग कित्येक दिवस बंद ठेवण्याची किंवा धुरी देण्याची गरज नसते. दोन तासांनंतर हवेतील धोका संपतो.

१५. मुलाने लस घेतली आहे, तरी गोवर होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण क्वचित. एका मात्रेने सुमारे ९३ टक्के आणि दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते. लसीनंतर होणारा गोवर बऱ्याचदा सौम्य असतो. ताप कमी, पुरळ विरळ. परंतु विलगीकरणाचे दिवस तेच राहतात.

याहून अवघड प्रसंग असा: संपर्क आला म्हणून मुलाला लस दिली आणि आठ-दहा दिवसांनी ताप व पुरळ आले. लसीमुळेही काही मुलांना नेमके याच सुमारास सौम्य पुरळ येते आणि ते इतरांना लागत नाही. दोन्हींतील फरक डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी विषाणूचा प्रकार ओळखणारी तपासणी करावी लागते. अहवाल येईपर्यंत मुलाला गोवराचे समजूनच वेगळे ठेवावे.

१६. परीक्षा आहे. मुलाला वेगळ्या खोलीत बसवून पेपर देता येईल का?

विलगीकरण संपेपर्यंत नाही. वेगळ्या खोलीपर्यंत जाणारा जिना, पर्यवेक्षक आणि नंतर तीच खोली वापरणारी मुले, हे सर्व हवेच्या मार्गावर येतात. पुरळाची तारीख लिहिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन परीक्षा पुढे घेण्याची विनंती करावी.

१७. मुलाची प्रतिकारशक्ती आधीपासून कमी आहे. त्यालाही हेच नियम लागू होतात का?

नाही. कर्करोगाचे उपचार, अवयव-प्रत्यारोपण, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टिरॉइड किंवा एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या मुलांत पुरळ अगदी कमी किंवा मुळीच येत नाही, आणि गोवर थेट न्यूमोनियाच्या रूपात समोर येऊ शकतो. पुरळच नसल्यास शून्य दिवस ठरवता येत नाही. ही मुले विषाणू अधिक काळ बाहेर टाकत राहतात, त्यामुळे संपूर्ण आजार संपेपर्यंत त्यांना वेगळे ठेवावे लागते. अशा मुलाचा गोवराच्या रुग्णाशी नुसता संपर्क आला, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्या नेहमीच्या तज्ज्ञ डॉक्टरांना कळवावे.

१८. विलगीकरण संपले, पण मूल अजून थकलेले आहे. शाळेत पाठवावे का? ते पुन्हा पुन्हा आजारी का पडते?

चार दिवसांचा नियम इतरांच्या संरक्षणासाठी आहे. मूल शाळेसाठी तयार आहे, असा त्याचा अर्थ नाही. औषधाशिवाय २४ तास ताप नसणे, नीट खाणे-पिणे आणि जिना चढताना धाप न लागणे, एवढे झाले की पाठवावे. खेळाचा तास आणखी काही दिवस टाळावा.

गोवराचा विषाणू शरीराच्या संरक्षणपेशींनाच लक्ष्य करतो आणि पूर्वीच्या आजारांविरुद्ध तयार झालेल्या प्रतिद्रव्यांचा काही भाग पुसून टाकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे रक्ताच्या नमुन्यांवरून दाखवले. त्यामुळे पुढचे काही आठवडे ते महिने सर्दी, जुलाब, कानाचे आणि छातीचे संसर्ग अधिक होऊ शकतात. या काळात ताप आला, तर डॉक्टरांना 'अलीकडेच गोवर झाला होता' हे आवर्जून सांगावे. क्षयरोगासाठीची त्वचेवरील चाचणीही या काळात खोटी नकारार्थी येऊ शकते.

१९. अनेक वर्षांनी मेंदूचा आजार होतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, पण फार दुर्मीळ. गोवरानंतर साधारण सात ते दहा वर्षांनी मेंदूचा हळूहळू ऱ्हास करणारा एक आजार होऊ शकतो; त्याची सुरुवात अभ्यासात अचानक घसरण, वागण्यातील बदल आणि अंगाला बसणारे हिसके यांनी होते, आणि तो बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. ज्यांना दोन वर्षांच्या आत गोवर झाला, त्यांच्यात याचा धोका अधिक असतो. शाळकरी वयात गोवर झालेल्यांत तो त्याहून कमी असतो. त्यासाठी नियमित तपासण्या करण्याची गरज नाही. मुलाच्या वैद्यकीय नोंदीत गोवराची तारीख लिहिलेली असावी, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर डॉक्टरांना ती मिळेल.

२०. गोवर होऊन गेला. आता लस घ्यायची गरज आहे का?

गोवर एकदा झाला की पुन्हा होणे जवळपास अशक्य असते. पण गोवराची लस सहसा रुबेला किंवा गालगुंड यांच्याबरोबर एकत्र दिली जाते, आणि त्या आजारांपासून संरक्षण गोवराने मिळत नाही. शिवाय तपासणीने खात्री झालेली नसेल, तर झालेला आजार गोवरच होता असे सांगता येत नाही. म्हणून राहिलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात. पूर्वी गोवर झालेल्याला लस दिल्याने अपाय होत नाही. मूल पूर्ण बरे झाल्यावर तारीख घ्यावी, आणि आजारात इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त दिले गेले असेल, तर ते सांगावे, कारण मग लसीसाठी काही महिने थांबावे लागते.